एलडीएल ४८, सीआरपी ३.४: कोल्चिसीन सुरू करताना आणि थांबवताना

रुग्णाचे वय ६१. एसटीत चालक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले, पूर्व नागपुरात राहणारे. अडीच वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका आला होता आणि हृदयाच्या पुढच्या बाजूच्या मुख्य रक्तवाहिनीत एक स्टेंट बसवला होता. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वैद्यकीय क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे. नोव्हेंबरमध्ये ते पत्नीसह आले तेव्हा त्यांच्या हातात एका तपासणी-पॅकेजचा अहवाल होता आणि त्यात एकाच आकड्याखाली लाल रेघ ओढलेली होती. एलडीएल कोलेस्टेरॉल ४८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे झटका येऊन गेलेल्या माणसासाठी युरोपीय मार्गदर्शक सूचना जी ५५ ची मर्यादा सांगतात तिच्याही खाली. लाल रेघ होती ती शरीरातली सूज दाखवणाऱ्या हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपीखाली: ११.८ मिलिग्रॅम प्रति लिटर.

"कोलेस्टेरॉल तर इतकं कमी आलं जी, मग हे काय नवीन निघालं?" असे त्यांनी विचारले. प्रश्न अगदी योग्य होता. रोसुव्हास्टॅटिन हे स्टॅटिन २० मिलिग्रॅम आणि एझेटिमाइब १० मिलिग्रॅम, अशी कोलेस्टेरॉल उतरवणारी दोन औषधे ते न चुकता घेत होते. त्याखेरीज ॲस्पिरिन, मेटोप्रोलॉल आणि रॅमिप्रिल चालू होते. कोलेस्टेरॉलच्या बाजूने करण्यासारखे जवळजवळ सगळे झाले होते. तरीही अशा रुग्णांपैकी काहींना पुन्हा झटका येतो, कारण रक्तवाहिनीच्या भिंतीतला मेदाचा थर हा नुसता साठलेला मेद नसतो. त्यात पांढऱ्या पेशी शिरलेल्या असतात आणि कोलेस्टेरॉलचे स्फटिक त्या पेशींमधली धोक्याची यंत्रणा चालू करतात. त्या यंत्रणेतून इंटरल्यूकिन-१ बीटा हे सूज पेटवणारे संदेशद्रव्य, त्यातून इंटरल्यूकिन-६ आणि शेवटी यकृतातून सीआरपी तयार होतो. सीआरपी हा स्वतः गुन्हेगार नाही. आत जाळ आहे हे दुरून दाखवणारा तो धूर आहे, आणि धूर रक्तवाहिनीतूनच येतो असेही नाही.

म्हणूनच ११.८ या आकड्यावर मी कोणतेही औषध लिहिले नाही. हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी १० च्या वर असेल तर तो हृदयाच्या जोखमीसाठी वाचायचा नसतो. आधी शरीरात कुठे ताजा संसर्ग किंवा इजा आहे का ते शोधायचे आणि किमान दोन आठवड्यांनी, बरे वाटत असताना, तपासणी पुन्हा करायची. विचारल्यावर कळले की रक्त दिले त्याच आठवड्यात खालच्या दाढेपाशी सूज आली होती आणि ताप होता. तीन आठवड्यांनी तपासणी पुन्हा केली तेव्हा आकडा ५.२ आला. आता तो वाचण्याजोगा होता, कारण जोखमीची रेषा साधारण २ वर धरली जाते.

त्यांचे तोंड उघडून पाहिले तेव्हा जीभ नीट बाहेर येत नव्हती. गालाच्या आतल्या बाजूला पांढरट पट्टे होते आणि हिरड्या दातांपासून सुटल्या होत्या. दिवसाला तंबाखू-सुपारीचे चार-पाच खर्रे, तेही गेली तीस वर्षे. विदर्भात हृदयरोगाचा इतिहास घेताना "सिगारेट ओढता का?" एवढेच विचारून थांबू नये. माणूस प्रामाणिकपणे "नाही" म्हणतो आणि खिशात प्लॅस्टिकच्या तुकड्यात घोटलेला खर्रा असतो. त्यांच्या पत्नीने दुसरीही गोष्ट सांगितली. गुडघे दुखतात म्हणून ते मेडिकलमधून डायक्लोफेनॅकची गोळी आणून आठवड्यातून चार-पाच दिवस घेत होते. त्यांचा तर्क असा होता, की अहवालात सूज दाखवली आहे आणि ही गोळी सुजेचीच आहे, मग ती हृदयालाही बरीच.

हा गैरसमज फार पसरलेला आहे आणि तो घातक आहे, म्हणून त्याला थोडी जागा देतो. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयार करणारे विकर अडवतात. त्यामुळे सांध्याची सूज उतरते, पण त्याच वेळी रक्तवाहिनीचे अस्तर जो प्रोस्टासायक्लिन बनवते आणि ज्यामुळे वाहिनी मोकळी राहते व रक्ताची गुठळी टळते, तोही कमी होतो. परिणामी झटक्याचा धोका वाढतो. रोफेकॉक्सिब हे याच जातीचे औषध २००४ मध्ये बाजारातून मागे घेतले गेले ते यासाठीच. शिवाय रॅमिप्रिलसारख्या रक्तदाबाच्या औषधासोबत या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात. म्हणजे सूज कमी करणारे प्रत्येक औषध हृदयाच्या उपयोगाचे नाही. प्रश्न कोणती साखळी कुठे तोडली जाते याचा आहे.

ही गोष्ट चाचण्यांनीही दाखवली आहे. २०१७ मध्ये कॅन्टोस चाचणीत झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी २ किंवा अधिक असलेल्या १०,०६१ रुग्णांवर कॅनाकिनुमॅब हे इंजेक्शन वापरले गेले. ते थेट इंटरल्यूकिन-१ बीटा अडवते. दर तीन महिन्यांनी १५० मिलिग्रॅम दिल्यावर एलडीएल तसूभरही न हलता झटका, पक्षाघात आणि हृदयजन्य मृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाले. मात्र प्राणघातक संसर्ग वाढले, एकूण मृत्यू घटले नाहीत, आणि औषध इतके महाग आहे की त्याचा हृदयरोगासाठी नित्य वापर होऊच शकला नाही. त्यानंतर संधिवातात वापरले जाणारे मेथोट्रेक्सेट आठवड्याला १५ ते २० मिलिग्रॅम देऊन ४,७८६ रुग्णांवर पाहिले गेले. त्याने ना इंटरल्यूकिन कमी झाले, ना सीआरपी, ना झटके. पहिल्या औषधाने नेमकी साखळी तोडली होती. दुसऱ्याने तिला हातही लावला नव्हता.

कोल्चिसीन या दोन्हींच्या मधले, स्वस्त आणि जुने औषध आहे. आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळी फुले घेऊन चढणाऱ्या कळलावीच्या कंदात आणि बियांत हेच द्रव्य असते, आणि तो कंद खाल्ल्याने माणसे दगावतात हे खेड्यातल्या जुन्या लोकांना ठाऊक असते. मला ही गोष्ट रुग्णांना सांगायला आवडते, कारण तिच्यामुळे गोळी लहान असली तरी तिचा धाक बसतो. पेशीच्या आत सूक्ष्म नळ्यांचा जो सांगाडा असतो त्याच्या घटकांना कोल्चिसीन चिकटते. त्यामुळे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची हालचाल मंदावते आणि इंटरल्यूकिन-१ बीटा तयार करणारी यंत्रणा नीट जुळत नाही. गाऊट या युरिक ॲसिडच्या सांधेदुखीसाठी आपल्याकडे ०.५ मिलिग्रॅमची गोळी वर्षानुवर्षे मिळते. हृदयासाठीही मात्रा तीच, दिवसातून एकदा.

पण गोळी लिहिण्याआधी धुराचे ज्ञात कारण काढणे मला आवश्यक वाटले. डायक्लोफेनॅक बंद केले आणि गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल व मांडीचे व्यायाम दिले. दंतवैद्याने हिरड्यांखालची खोलवर सफाई दोन बैठकांत केली आणि एक दाढ काढली. खर्रा सोडायला सात आठवडे लागले. मधे दोनदा पुन्हा सुरू झाला, आणि दोन्ही वेळा त्यांनी ते स्वतःहून सांगितले. हिरड्यांच्या उपचाराने सीआरपी उतरतो हे दिसून आले आहे. त्याने झटके टळतात असा पक्का पुरावा नाही, हेही मी त्यांना सांगितले. पण पू असलेले तोंड तसेच ठेवून वर सूजनाशक औषध देणे हे मला पटत नाही. जानेवारीअखेर सीआरपी ३.४ आला, फेब्रुवारीत पुन्हा ३.१. सुरुवातीच्या ५.२ पेक्षा कमी, तरीही २ च्या वर.

आता खरा निर्णय होता. दोन्ही बाजू मी त्यांच्यासमोर तशाच ठेवल्या. २०२० मधली लोडोको-२ ही चाचणी ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्समधल्या ५,५२२ रुग्णांवर झाली आणि ते सगळे किमान सहा महिने स्थिर असलेले, म्हणजे यांच्यासारखेच होते. सुमारे दोन वर्षे चार महिन्यांत कोल्चिसीन न घेणाऱ्या हजारातल्या ९६ जणांना, तर घेणाऱ्या हजारातल्या ६८ जणांना झटका, पक्षाघात, हृदयजन्य मृत्यू किंवा हृदयाला रक्त कमी पडल्याने रक्तवाहिनी मोकळी करण्याची वेळ यांपैकी काही झाले. हा लाभ लहान नाही. पण २०२४ मध्ये क्लिअर सिनर्जी ही ७,०६२ रुग्णांची चाचणी आली. तिच्यात झटक्यानंतर लगेच कोल्चिसीन सुरू केले होते आणि सुमारे तीन वर्षांत दोन्ही गटांत घटना ९ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सारख्याच निघाल्या. विशेष म्हणजे त्या चाचणीत तीन महिन्यांनी सीआरपी कोल्चिसीनच्या गटात खरोखर कमी होता. धूर कमी झाला, तरी घटना कमी झाल्या नाहीत. त्यामुळे सीआरपी उतरला म्हणजे औषध लागू पडले, असे या गोळीबाबत म्हणता येत नाही.

आणखी एक बाब, जी सहज सुटते. लोडोको-२ मध्ये सीआरपी पाहून रुग्ण निवडलेच नव्हते. सीआरपी जास्त म्हणून कोल्चिसीन द्यायचे, हा विचार आपण कॅन्टोसमधून उसना आणतो. तो तर्काला धरून आहे, पण कोल्चिसीनसाठी तसा सिद्ध झालेला नाही. शिवाय त्या चाचणीत पहिले तीस दिवस सर्वांना गोळी देऊन पाहिली होती आणि सातांतला साधारण एक जण, बऱ्याचदा पोट बिघडल्यामुळे, पुढे गेलाच नाही. ज्यांचा मूत्रपिंडाचा गाळणदर ५० च्या खाली होता त्यांनाही घेतलेच नव्हते. एकूण मृत्यू घटले नाहीत, आणि हृदयाव्यतिरिक्त कारणांनी झालेले मृत्यू कोल्चिसीनच्या गटात थोडे जास्त दिसले, जरी तो फरक योगायोगाचाही असू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये या वापराला मान्यता दिली. युरोपीय हृदयरोग संस्थेने २०२४ मध्ये दीर्घकालीन हृदयरोगात 'विचार करावा' या पातळीवर शिफारस वर नेली. ही क्लिअर सिनर्जीच्या आधीची शिफारस आहे हे लक्षात ठेवायला हवे.

काकांनी सगळे ऐकून घेतले आणि "तुमी काय घेतली असती?" असे विचारले. मी सांगितले, की स्थिर रुग्ण, कोलेस्टेरॉल आटोक्यात, मूत्रपिंड चांगले आणि पुन्हा झटका येण्याची भीती मोठी, अशा स्थितीत मी घेऊन पाहिली असती. क्रिएटिनिन १.१ होते, म्हणजे गाळणदर सुमारे ७६. रक्तपेशी आणि यकृताच्या तपासण्या, तसेच स्नायूंना इजा झाली की वाढणारे सीके हे विकर, ठीक होते. संत्री चालतील का, हा नागपुरातला ठरलेला प्रश्न काकूंनी विचारला. संत्र्याची अडचण नाही, ग्रेपफ्रूट मात्र नको, असे सांगितले. मार्चच्या सुरुवातीला ०.५ मिलिग्रॅम रात्रीच्या जेवणानंतर सुरू केले. पहिला आठवडा पोट सैल राहिले, मग थांबले. एप्रिलअखेर सीआरपी १.८ होता.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात, पारा ४५ च्या घरात असताना, त्यांना ताप आणि खोकला झाला. घराजवळच्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा लिहून दिले. कोणती औषधे चालू आहेत हे त्यांनी विचारले होते, आणि काकांनी बीपी, कोलेस्टेरॉल व रक्त पातळ करण्याच्या गोळ्या सांगितल्या होत्या. कोल्चिसीन सांगितले नाही, कारण मेडिकलवाल्याने पट्टी देताना "ही तर गाऊटची आहे" म्हटले होते आणि त्यांच्या हिशेबात ती हृदयाची गोळी राहिली नव्हती. ही चूक मी माझीही धरतो. गोळीचे नाव कागदावर होते. ती कशासाठी आहे आणि कोणत्या औषधांसोबत चालत नाही, हे लिहिलेले नव्हते.

क्लॅरिथ्रोमायसिन कोल्चिसीनचे दोन्ही दरवाजे बंद करते. यकृतात कोल्चिसीन मोडणारे सीवायपी-३ए४ हे विकर अडते, आणि आतड्यातून व मूत्रपिंडातून औषध बाहेर फेकणारा पी-ग्लायकोप्रोटीनचा पंपही अडतो. रक्तातली पातळी कितीतरी पटींनी वाढू शकते आणि या जोडीने मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. तिसऱ्या दिवशी जुलाब सुरू झाले, दिवसाला सहा-आठ. जुलाब, उन्हाळा आणि सोबत रॅमिप्रिल, यामुळे मूत्रपिंडही मंदावले, आणि उरलेली वाटही अरुंद झाली. पाचव्या दिवशी काकू त्यांना घेऊन आल्या तेव्हा त्यांनी पहिली तक्रार सांगितली ती जुलाबाची नव्हती: "खाटेवरून उठताना यांना हात टेकावा लागते."

तपासले तेव्हा हातांची पकड चांगली होती, पायांची बोटे नीट हलत होती, पण मांड्यांत जोर नव्हता. खुर्चीतून हात न टेकता ते तीनदा प्रयत्न करूनही उठू शकले नाहीत. दुखत फारसे नव्हते. स्टॅटिनमुळे स्नायू दुखतात तेव्हा तक्रार बहुधा दुखण्याची असते. दुखण्यापेक्षा अशक्तपणा जास्त, तोही मांड्या-खांद्यांजवळच्या स्नायूंत, आणि आधी जुलाब, असा क्रम असेल तर कोल्चिसीनचा संशय आधी घ्यावा. रक्तदाब ९८/६०, क्रिएटिनिन १.९, पोटॅशियम ५.२, सीके २,१४०, पांढऱ्या पेशी ३,९००.

कोल्चिसीन आणि क्लॅरिथ्रोमायसिन तिथल्या तिथे बंद केले, रॅमिप्रिल व रोसुव्हास्टॅटिनही थांबवले. दाखल करून शिरेतून सलाइन दिले. कोल्चिसीन पेशींत खोल शिरते, त्यामुळे डायलिसिसने ते निघत नाही. वाट पाहणे आणि शरीर सांभाळणे हाच उपचार. पोट थांबले म्हणून घरी सोडण्याची घाई करू नये, कारण अस्थिमज्जेवरचा परिणाम काही दिवसांनी दिसतो. आठवडाभर रक्तपेशींची रोज तपासणी केली. पांढऱ्या पेशी ३,४०० पर्यंत उतरून पुन्हा वर आल्या. नवव्या दिवशी क्रिएटिनिन १.३, तीन आठवड्यांनी १.२. खुर्चीतून हात न टेकता उठायला अठरा दिवस लागले. खोकल्याला पुढे प्रतिजैविकाची गरजच पडली नाही. पडली असती तर ॲझिथ्रोमायसिन हा त्याच कुळातला तुलनेने सुरक्षित पर्याय होता.

या काळात एक आकडा मला सर्वांत जास्त खटकला. स्टॅटिन चार आठवडे बंद होते आणि नुसत्या एझेटिमाइबवर एलडीएल ४८ चे १०२ झाले होते. स्टॅटिनमुळे मिळणारा लाभ जुना, मोठा आणि पक्का आहे. कोल्चिसीनचा लाभ त्यावर ठेवलेला, लहान आणि वादातला आहे. वरच्या थराने खालचा थर हलवला तर हिशेब तोट्यात जातो. सीके नेहमीसारखा झाल्यावर रोसुव्हास्टॅटिन आधी १० आणि मग २० मिलिग्रॅम सुरू केले, आणि ते निर्धोक चालले. सीवायपी-३ए४ वर फारसे अवलंबून नसलेले हे स्टॅटिन आधीपासून होते, हे त्यांचे सुदैव.

कोल्चिसीन पुन्हा द्यायचे का? कागदावर बंदी नव्हती. गाळणदर ६९ वर आला होता आणि जे झाले त्याचे कारण दुसरे औषध होते, जे टाळता येते. माझे एक सहकारी पुन्हा सुरू करण्याच्या बाजूने होते आणि त्यांचा युक्तिवाद चुकीचा नव्हता. पण ऑगस्टच्या शेवटी, कोल्चिसीन बंद होऊन तीन महिने झाल्यावर, मी सीआरपी पुन्हा पाहिला. तो २.१ होता. खर्रा सुटून सुमारे सात महिने झाले होते, हिरड्या बसल्या होत्या, वजन चार किलो उतरले होते. मार्चमध्ये ज्या जोखमीसाठी गोळी सुरू केली तिच्यातली बरीचशी गोळीविनाच कमी झाली होती. दुसरीकडे हा माणूस औषधे तीन ठिकाणांहून घेतो आणि दर उन्हाळ्यात पाणी कमी पितो, हे बदलणार नव्हते. काका स्वतः म्हणाले, "मांड्यांतला जोर गेला तवा झटक्यापेक्षा जास्त भेव वाटलं जी." मी गोळी पुन्हा दिली नाही.

त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर आता लाल शाईने लिहिले आहे: कोल्चिसीन थांबवले, क्लॅरिथ्रोमायसिनसोबत स्नायू व मूत्रपिंडावर परिणाम, मे महिना, पुन्हा विचार केवळ नवी घटना घडल्यास आणि गाळणदर ५० च्या वर असल्यास. दवाखान्यात ज्या इतर अकरा जणांना ही गोळी चालू आहे, त्यांना त्याच आठवड्यात फोन करून बोलावले आणि पट्टीवर चिकटवायची चिठ्ठी दिली: 'ही हृदयाची गोळी आहे. क्लॅरिथ्रोमायसिन, केटोकोनॅझोल, व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम सुरू होण्याआधी विचारा. जुलाब लागले तर त्याच दिवशी ही गोळी बंद करून फोन करा.' त्यांपैकी दोघांना डिल्टियाझेम आधीपासूनच चालू होते.